बटा दोनचं गेट

मला याद्या करायची सवय आहे. किराण्याची यादी सगळेच करतात. मी प्रवासाची करते, पाहुण्यांच्या जेवणाची करते, दवाखान्यात डॉक्टरांना काय विचारायचं त्याचीही करते. चिकलठाण्याच्या ज्या कारखान्यात मी एकोणीस वर्षं स्टोअर सांभाळलं, तिथं माझ्या टेबलाच्या काचेखाली रोज सकाळी एक यादी असायची आणि संध्याकाळपर्यंत तिच्यावर बरोबरच्या खुणा झालेल्या असायच्या. लोक हसायचे, पण बेअरिंग कुठल्या रॅकवर आहे हे विचारायला माझ्याकडंच यायचे.

तो कारखाना चाकणला गेला. ज्यांना जाणं शक्य होतं ते गेले. सासूबाई अंथरुणाला आणि मुलगी बारावीला, त्यामुळं मला शक्य नव्हतं. मग सात महिने मी अर्ज करत राहिले. शेहेचाळिसाव्या वर्षी नोकरी मागायला गेलं की समोरची मुलं आधी 'मॅडम' म्हणतात, पाणी देतात आणि मग फोन करत नाहीत. नवऱ्याचं कंत्राट मार्चअखेर संपणार होतं, पुढं मिळेल की नाही ते त्यालाही माहीत नव्हतं. तो फक्त संध्याकाळी चहा घेताना विचारायचा, "आज काही आलं का?" आणि मी "नाही" म्हटलं की विषय बदलायचा.

अशात एका बुधवारी वाळूजच्या एका छोट्या कारखान्यातून मेसेज आला. स्टोअर असिस्टंट, जागा एक, शुक्रवारी सकाळी अकराच्या आत यावे, उशिरा आलेल्यांना भेटता येणार नाही. खाली पत्ता: एम सेक्टर, प्लॉटचा आकडा, त्यापुढं तिरपी रेघ आणि दोनचा आकडा, एमआयडीसी वाळूज. बस. ना रस्त्याचं नाव, ना जवळची खूण. खरा आकडा इथं लिहीत नाही, कारण मी अजून तिथंच आहे.

वाळूजला न गेलेल्या माणसाला वाटतं, प्लॉटचा नंबर आहे म्हणजे पत्ता आहे. तसं नसतं. एकशे दहानंतर एकशे अकरा येईलच असं नाही; मध्येच नाला येतो आणि पुढचा आकडा पलीकडच्या रस्त्यावर निघतो. कंपन्या बंद होतात, विकल्या जातात, भाड्यानं दिल्या जातात, पण गेटावरची जुनी पाटी तशीच राहते. लोकांच्या तोंडी तर पंधरा वर्षांपूर्वी बंद पडलेल्या कंपनीचंच नाव असतं. ज्या कामगारांना कंपनीची बस आहे ते झोपेत जातात, झोपेत येतात. त्यांना रस्ता विचारून उपयोग नाही. खरा रस्ता ठाऊक असतो तो मालाच्या टेम्पोवाल्यांना.

म्हणून मी आमच्या जुन्या टेम्पोवाल्या चाचांना फोन लावला. त्यांनी बारा वर्षं आमचा माल वाळूजला टाकला होता. मी प्लॉट नंबर सांगितला तसे ते म्हणाले, "म्याडम, सामने से नक्को जाओ. बटा दो है ना? पूरा प्लॉट पहले एकच था, फिर दो टुकडे हुए. बटा एक का गेट बडे रोड पे, बटा दो का पिछू से. सामने गए तो वॉचमन बोलता इधर ऐसी कंपनीच नै."

"मग मागून कसं जायचं?"

"वजनकाटा पूछो. कांटे के बाजू से अंदर गली है, लिंबाच्या झाडापास्तर जाव, फिर सीधे हाथ को नीला गेट. और मोबाइल के नकाशे पे मत जाव, वो सामनेच छोडता."

मी हे सगळं लिहून घेतलं. यादी अजून माझ्याकडं आहे. पहिली ओळ: साडेआठला घर सोडणे. दुसरी: पुंडलिकनगर ते क्रांती चौक शेअर रिक्षा. तिसरी: तिथून चालत बाबा पेट्रोल पंप, नऊ दहाची सिटी बस, बजाजनगर. चौथी: तिथून स्पेशल रिक्षा, वजनकाटा, लिंब, उजवीकडं निळं गेट. शेवटी: सर्टिफिकेटच्या झेरॉक्स दोन संच, फोटो, पाण्याची बाटली, सेफ्टी पिना.

यादीतल्या तिसऱ्या ओळीलाच गाडी अडली. नऊ दहाची बस आली नाही. नऊ वीसला शेजारच्या माणसानं सांगितलं, ती आता शाळेच्या वेळात सोडतच नाहीत. मी वाळूजकडं जाणाऱ्या एका शेअर रिक्षात बसले. छावणी ओलांडून नगर नाक्याला आलो तर रिक्षावाल्याला एक लग्नाचं वऱ्हाड भेटलं, सामानासकट. त्यानं आम्हा चौघांना खाली उतरवलं. "दुसरी मिलेगी अम्मा," म्हणाला. मला कोणी अम्मा म्हटलेलं आवडत नाही, पण भांडायला वेळ नव्हता.

तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडं बजाजनगरची सिटी बस उभी दिसली. मी हात करत निघाले, पण मध्ये ट्रकांची रांग. बस सुटायला लागली. दारात एक बाई होती, पस्तिशीच्या आतली, पिवळसर सुती साडी, काखेत प्लॅस्टिकची फाइल. तिनं मला पाहिलं. एक पाय बसच्या पायरीवर आणि एक खाली रस्त्यावर, अशी ती तशीच उभी राहिली.

"अहो बाई, आत या नायतर खाली उतरा," कंडक्टर ओरडला.

"त्या ताई येऊ लागल्यात."

"तुमच्या कोण लागतात?"

"लागत असतील कोणी तरी. मिनिटभर थांबलं म्हणून काय बस म्हातारी होती व्हय?"

बसमधले दोघे-तिघे हसले. मी चढले. धाप लागलेली. तिनं मला खिडकीची जागा दिली, स्वतः कडेला बसली आणि पदरानं तोंड पुसत म्हणाली, "मी पण पहाटं सहाला निघाले. वेरूळच्या अलीकडं आमचं गाव. एसटीनं हितं नाक्यावर उतरले. आता पुढचं काय म्हाईत नाय."

मी म्हटलं, "कुठं जायचंय?"

तिनं फाइलवर ठेवलेला मोबाइल माझ्यापुढं धरला. काचेवर कोपऱ्यापासून मध्यापर्यंत तडा. त्या तड्याखाली तोच मेसेज. तेच शब्द, तीच वेळ, तोच प्लॉट, तिरपी रेघ आणि दोन.

त्या क्षणी मी काय विचार केला ते मला नीट आठवतं, कारण विचार असा केलाच नाही. जागा एक. एवढं एकच डोक्यात आलं. मी मोबाइल तिला परत दिला.

"स्टोअरचं काम हाय म्हणे," ती सांगू लागली. "मी खुलताबादला खताच्या दुकानात माल बघायचे. आलेलं, गेलेलं, उरलेलं. मालक म्हणायचे, तुझी मोजणी चुकत नाय. मी म्हटलं, बापाची मेंढरं मोजत वाढले, तिथं एक कमी भरलं की रात्रीची भाकर नाय मिळायची. गोणी काय, एका जागी उभी तरी राहती." ती स्वतःच हसली. मग विचारलं, "तुमी कुठं?"

"बहिणीकडं," मी म्हणाले. "बजाजनगरला."

माझी बहीण नाशिकला असते.

एवढं बोलून मी खिडकीबाहेर बघू लागले. ती गप्प बसली नाही. दुकानाचा मालक वारला, मुलानं दुकान विकलं, तेव्हापासून ती घरी होती. नवरा दुसऱ्यांची मेंढरं घेऊन सहा महिने बाहेर असतो. एक मुलगी तिसरीत. हे काम लागलं तर बजाजनगरात खोली करायची आणि मुलीला इथल्या शाळेत घालायचं. तिनं हे सगळं ठरवून टाकलं होतं. माझ्यासारखंच, फक्त कागदावर नाही.

बजाजनगरला मोरे चौकात उतरलो तेव्हा दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. मला वाटलं, आता ती तिच्या वाटेनं जाईल. ती माझ्याच शेजारी उभी राहिली.

"ताई, हे एम सेक्टर कुठं आलं?"

"आत आहे. मोठ्या रस्त्यानं."

"आन् हे आकड्याफुडं रेघ मारून दोन लिवलंय, ते काय अस्तं?"

मी आजवर हजारो चलनांवर बटा वाचले आहेत. एकोणीस वर्षांत एकदाही बटा चुकला नव्हता. आणि मी म्हणाले, "असतं तसं पत्त्यात. त्याचं विशेष काही नाही. रांजणगावच्या शेअर रिक्षात बस, ती मोठ्या रस्त्यानंच जाते. गेटांवर नंबर लिहिलेले असतात, बघत जा."

यातलं फक्त एक वाक्य खोटं होतं. बरेच दिवस मी स्वतःला तेच समजावत होते. रिक्षा खरंच मोठ्या रस्त्यानं जात होती. गेटांवर नंबर खरंच होते. तिला तो नंबरही सापडणार होता. फक्त ते बटा एकचं गेट असणार होतं.

"लई उपकार झाले बघा," ती म्हणाली आणि रिक्षात बसली. बसताना पुढच्याला म्हणाली, "सरका की भाऊ, अर्ध्या शीटवर दोघं तुमीच बसलाव." रिक्षा वळून दिसेनाशी होईपर्यंत मी चौकातल्या एका रसवंतीपाशी उभी राहिले. मग स्पेशल रिक्षा केली. मागची आख्खी सीट मोकळी होती. मी फाइल मध्ये ठेवली.

वजनकाटा, गल्ली, लिंब, उजवीकडं निळं गेट. चाचांचा शब्द न् शब्द बरोबर. दहा पस्तीस.

गेटावर वयस्कर वॉचमन होता. त्यानं रजिस्टर पुढं सरकवलं: नाव, गाव, मोबाइल, कोणाला भेटायचं, काम, येण्याची वेळ, सही. मी लिहिलं. त्यानं गळ्यात घालायचा लाल फितीचा व्हिजिटर पास दिला.

"साहेब म्हणले व्हते दोन बाया येणार हायत. दुसऱ्या कुठंयत? सोबत नाय का?"

"नाही," मी म्हणाले. "मी एकटीच आले."

आत ऑफिसात एक साहेब होते, माझ्यापेक्षा लहान. टेबलावर दोन हेल्मेटं आणि खालच्या मजल्यावरून प्रेसचा ठोका. प्रत्येक ठोक्याला पाण्याचा ग्लास किंचित थरथरायचा. त्यांनी विचारलं, मी उत्तरं दिली. आधी आलेला माल आधी कसा बाहेर काढायचा, गंज लागणाऱ्या भागांची मांडणी, वर्षअखेरची मोजणी. हे मला झोपेतही येतं. पण ते माझ्या वयाकडं बघत होते हे मला कळत होतं. "इथं धावपळ असते, मॅडम," ते दोनदा म्हणाले.

अकराला पाच कमी असताना त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला. प्रेसच्या आवाजामुळं पलीकडची बाई मोठ्यानं बोलत होती, मला तिचा आवाज येत होता, शब्द येत नव्हते.

"हो, बोला. कुठं आहात? गेटवर? कुठल्या गेटवर?... नाही हो, आमचा वॉचमन तुम्हाला नाही कशाला म्हणेल? ... तसं नाही, पत्ता दिलाय ना आम्ही. बटा दोन लिहिलंय. ... बघा, अकरापर्यंत या. मला बाराला शेंद्र्याला निघायचंय."

फोन ठेवून ते माझ्याकडं बघून हसले. "पत्ता सापडत नाही म्हणे. आता सांगा, स्टोअरमध्ये ज्याला माल सापडत नाही असा माणूस ठेवून मी काय करू?"

मी फाइलमधले कागद सरळ केले.

"तुम्हाला कसा सापडला? आमच्याकडं पहिल्यांदा येणारे सगळे पुढंच जातात. ऑडिटवालेसुद्धा."

आता इथं मी सांगू शकले असते. साहेब, ती बाई माझ्याच बसमध्ये होती. बस तिनं थांबवली म्हणून मी वेळेत आहे. तिनं मला बटा विचारला आणि मी सांगितला नाही. तिला अर्धा तास द्या. हे बोलायला फार तर एक मिनिट लागलं असतं. ग्लासातलं पाणी थरथरत होतं. मी म्हणाले, "मी आधी चौकशी केली होती, सर. माल टाकणाऱ्या टेम्पोवाल्याला विचारलं. त्यांनी वजनकाट्याची खूण सांगितली."

ते मागं टेकले. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा वय सोडून दुसरं काही तरी आलं. "हे बरोबर आहे," ते म्हणाले. "असा माणूस पाहिजे." मग त्यांनी कागद पुढं ओढला आणि कधीपासून येऊ शकाल असं विचारलं.

मी सव्वाअकराला बाहेर पडले. जिन्यावरून उतरताना मला आनंद झाला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. नवऱ्याला फोन करायला हात बॅगेत गेला होता. निळ्या गेटातून बाहेर आले, लिंबापाशी पोचले, आणि समोरून ती येताना दिसली.

चालत. मोठ्या रस्त्यावरून मागच्या गल्लीत यायला मध्ये दार नाही. कंपन्यांच्या सलग भिंती आणि मागं नाला. सगळी ओळ ओलांडून, वळसा घालून यावं लागतं. मार्चचं ऊन, आणि कडेला कुठंही सावली नसते. तिच्या साडीचा काठ धुळीनं पांढरा झाला होता. चपलेचा अंगठा तुटलेला, म्हणून एक पाय ओढत होती. माझ्या बॅगेत सेफ्टी पिना होत्या, यादीप्रमाणं.

तिनं मला पाहिलं आणि आधी तिचा चेहरा उजळला. ओळखीचं माणूस दिसलं म्हणून.

"ताई, तुमी हितं?"

मग तिची नजर माझ्या गळ्याकडं गेली. लाल फीत. पास परत द्यायचा मी विसरले होते. एरवी मी असल्या गोष्टी विसरत नाही.

ती पासाकडं बघत राहिली. त्यावर कंपनीचं नाव होतं. तिनं ते वाचलं, ओठ हलवत, सावकाश. मग म्हणाली, "बहिणीचं घर लई मोठं हाय म्हणायचं. पास घालून जावं लागतंय."

मी म्हणाले, "साहेब अजून आहेत. चल लवकर, मला पासही परत द्यायचाय."

ती माझ्याबरोबर चालू लागली. लिंबापासून गेट दोन-तीन मिनिटांवर असेल. ती रडली असती, चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं फक्त एकदा विचारलं, "एक टेम्पोवाला म्हनला, बटा दोन म्हंजी मागचं गेट, व्हय ना?"

"हो."

"तुमाला म्हाईत व्हतं."

हा प्रश्न नव्हता, म्हणून मी उत्तर दिलं नाही. आजवर दिलेलं नाही.

"फुडच्या वॉचमननं मला गेटाला हात पण लावू दिला नाय," ती म्हणाली. "म्हनला, अशी कंपनी हितं नाय, फसवलंय तुला कुणी तरी. मी म्हटलं, नाय ओ, एका चांगल्या बाईनं सांगितलंय."

पिना बॅगेतच राहिल्या. त्या तिच्या हातावर ठेवायची माझी हिंमत झाली नाही.

गेटावर मी पास काढून दिला. वॉचमननं तिच्याकडं बघितलं. "टाइम संपला बाई."

"यांना आत सोडा," मी म्हणाले. "पत्ता चुकला होता. लांबून आल्यात."

"साहेबाला इचारतो." त्यानं केबिनमधून आत फोन लावला. आम्ही दोघी उन्हात उभ्या होतो, मध्ये हातभर अंतर. "व्हय साहेब. त्या दुसऱ्या बाई. ... बरं. ... बरं." त्यानं फोन ठेवला. "जागा भरली म्हणत्यात. नाव-नंबर लिवून जा. पुढं लागलं तर कळवू."

तिनं रजिस्टर ओढून घेतलं आणि सगळे रकाने भरले. वाकून, नीट, गोल अक्षरात. माझ्याच नावाखाली. कामाच्या रकान्यात 'इंटरव्ह्यू' लिहिलं, वेळेच्या रकान्यात साडेअकरा. सही केली. वॉचमननं लगेच बाहेर जाण्याची वेळही टाकली, अकरा पस्तीस.

पेन ठेवून ती माझ्याकडं वळली. "जाते ताई. एसटी एकची हाय नाक्यावरून."

"मी स्पेशल रिक्षा करतेय. चल सोबत, चौकापर्यंत तरी."

"नगो," ती म्हणाली. "आता रस्ता म्हाईत झालाय."

ती वजनकाट्याच्या दिशेनं पाय ओढत गेली. मला त्याच वाटेनं जायचं होतं. मी लिंबाखाली पाव तास उभी राहिले, ती पुढं निघून जावी म्हणून. सकाळी रसवंतीपाशी उभी होते तशीच. नवऱ्याला फोन केलाच नाही, घरी जाऊन दारातच सांगितलं. तो इतका खूश झाला की मुलीला पेढे आणायला पाठवलं. मी त्याला पत्त्याची गोष्ट सांगितली, चाचांची, वजनकाट्याची. तो म्हणाला, "तुझ्या याद्यांना मी उगाच हसतो." बाईची गोष्ट सांगितली नाही.

नोकरीला लागून मला आता तीन वर्षं होत आली. पहिल्याच महिन्यात मी साहेबांना म्हटलं, इंटरव्ह्यूच्या मेसेजमध्ये रस्ता लिहूया. मी चार ओळी करून दिल्या: मोरे चौक, वजनकाटा, लिंब, निळं गेट, पुढच्या गेटावर जाऊ नये. शिवाय वॉचमनच्या केबिनचा फोन. आता तेच सगळ्यांना जातं. साहेब नव्या लोकांपुढं माझ्याकडं बोट दाखवून म्हणतात, "या मॅडम पहिल्या दिवशी पत्ता शोधत बरोबर आल्या, तेव्हाच मी ओळखलं." दर वेळी मी खाली बघते. त्यांना तो विनय वाटतो.

भरलेली गेट रजिस्टरं आमच्या स्टोअरात येतात. ती तीन वर्षं ठेवायची आणि मग रद्दीत काढायची, असा नियम आहे. रद्दीची यादी मीच करते. त्या मार्चचं रजिस्टर कुठल्या रॅकवर, कुठल्या गठ्ठ्यात आहे ते मला न बघता सांगता येतं.

मागच्या पावसाळ्यानंतर आमच्याकडं काम वाढलं आणि साहेब म्हणाले, तुमच्या हाताखाली आणखी एक माणूस घेऊ, कोणी माहितीतलं आहे का? मी म्हटलं, बघते. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर ते रजिस्टर काढलं. माझं नाव, खाली तिचं. त्या दिवसाच्या माझ्या यादीत 'फोन करणे' अशी ओळ होती. मी नंबर लावला.

तिसऱ्या रिंगला तिनंच उचलला. मागं माणसांचा गलका, कोणी तरी हिंदीत भाव विचारत होतं.

"कोण?"

"वाळूजच्या कंपनीतून बोलतेय," मी म्हणाले. "तुम्ही मागं इंटरव्ह्यूला आला होतात. आता एक जागा आहे. स्टोअरची."

"अगं बया," ती म्हणाली. "खरंच कळवलं व्हय तुमी." मध्येच कोणाला तरी म्हणाली, थांबा भाऊ, देते. मग मला म्हणाली, "आता नाय जमायचं ओ म्याडम. मी हितं लेण्यांपाशी दुकानात लागले. पोरगी पण हितल्याच शाळेत हाय. तिकडं यायचं म्हंजी तीन गाड्या बदला, आन् पोचलं तरी पोचल्यासारखं नाय."

"रस्ता आता नीट कळवतो आम्ही. सगळं लिहून."

"ते बरं केलं. आमच्यावाणी दुसऱ्या कुणाचं नगं व्हायला." मग सहज विचारावं तसं तिनं विचारलं, "त्या दिवशी एक ताई व्हत्या माझ्या आधी. त्या लागल्या का तिथं?"

मला माझं नाव सांगता आलं असतं. आवाज तिनं ओळखला होता की नव्हता, ते मला अजून कळलेलं नाही.

"हो," मी म्हणाले. "लागल्या."

"बरं झालं. एकीचं तरी झालं," ती म्हणाली. "ठेवते म्याडम, गिऱ्हाइक खोळंबलंय."

मी रजिस्टर परत गठ्ठ्यात ठेवलं. संध्याकाळी यादीवर खुणा करायला बसले. फोन झाला होता, तरी त्या ओळीवर बरोबरची खूण करवेना. मी ती ओळ दुसऱ्या दिवशीच्या यादीत पुन्हा लिहिली. त्यानंतर आणखी आठवडाभर लिहीत होते. मग एके दिवशी लिहायची सोडून दिली.